संथ पुस्तकं न आवडणाऱ्या मित्रासाठी ‘अँड देन देअर वेअर नन’ : रहस्य न फोडता कसं सुचवायचं?

शब्दवेडी

एका मित्राला कादंबरी सुचवायची आहे. तो वाचतो, पण पुस्तक रेंगाळायला लागलं की बाजूला ठेवतो आणि परत हातात घेत नाही. इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचतो, त्यामुळे भाषेची अडचण नाही. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘अँड देन देअर वेअर नन’ द्यावी असं मनात आहे. दोन शंका आहेत. हे पुस्तक खरंच वेगवान आहे का, की रहस्यकथा आहे म्हणून आपण तसं समजतो? आणि त्याला सांगताना नेमकं किती सांगायचं? मी लिहिलेला निरोप असा आहे :

“दहा अनोळखी माणसं एका बेटावर अडकतात आणि एकेक करून मरायला लागतात. कुणावरही विश्वास ठेवू नकोस. शेवटी असा धक्का बसतो की विचारू नकोस. नक्की वाच!”

कृपया धाग्यावर कुणीही रहस्य फोडू नये.

---

कट्टाकर

माझ्या मते वेग वगैरे काही नसतं, पानं किती हाच प्रश्न असतो. दीडशे पानांच्या आतलं काहीही द्या, तो पूर्ण करेल. ‘बनगरवाडी’ द्या. छोटी आहे, उत्तम आहे, आणि मराठी आहे.

---

पानोपानी

कट्टाकर, पानांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. जाड पुस्तकाची धास्ती वाटते हे खरं. पण ‘बनगरवाडी’ छोटी असूनही निवांत आहे. माणसं, माळ आणि मेंढरं हळूहळू मनात उतरावीत अशीच तिची रचना आहे आणि तेच तिचं बळ आहे. संथ वाटलं की पुस्तक मिटणाऱ्याच्या हातात ती पहिल्यांदा दिली तर त्याचंही नुकसान आणि पुस्तकाचंही.

शब्दवेडी, आधी मित्राला एकच प्रश्न विचारा : शेवटचं पुस्तक कुठल्या पानावर सोडलंस आणि तेव्हा गोष्टीत काय चाललं होतं? ‘संथ’ हा शब्द लोक निरनिराळ्या तक्रारींसाठी वापरतात. कुणाला लांब वर्णनं नकोशी होतात. कुणाला वर्णन चालतं, पण पुढच्या पानावर काय होणार याची ओढ नसेल तर कंटाळा येतो. आणि कुणाला सुरुवातीलाच नावांची गर्दी झाली की कोण कोणाचा ते लागत नाही. तो दोनदा मागे जातो आणि मग पुस्तक ‘संथ’ ठरवतो. पहिल्या दोन तक्रारी असतील तर ही कादंबरी अगदी योग्य. तिसरी असेल तर थोडी तयारी करून द्यावी लागेल, कारण पहिल्याच प्रकरणात आठ माणसं येतात.

---

सदाफुली

संथ वाचणाऱ्यांसाठी एक उपाय : रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं वाचायचं आणि ओळीखाली बोट ठेवायचं. महिन्याभरात वेग वाढतो. मित्राला सांगून बघा.

---

शब्दवेडी

सदाफुली, धन्यवाद, पण तो वाचतो भराभर. पुस्तक संथ असलं की सोडतो, एवढंच.

पानोपानी, विचारलं त्याला. म्हणाला, “पन्नास पानं झाली तरी नायक अजून गावाला पोचतच होता.” म्हणजे ओढीचाच प्रश्न दिसतोय. पण नावांचीही त्याला भीती आहे. रशियन कादंबरी त्याने त्याच कारणाने सोडली होती.

---

पानोपानी

मग प्रकरणाप्रकरणाने सांगते, म्हणजे कुठे तो अडेल याचा अंदाज येईल. माझी मर्यादा अशी : तिसऱ्या प्रकरणात एका रात्री जेवणानंतर ग्रामोफोनची तबकडी वाजते, तिथपर्यंतच बोलायचं. ती काय बोलते तेही नाही.

पुस्तक १९३९चं. सोळा प्रकरणं आणि त्यानंतर थोडी पानं. इंग्रजीत साधारण पन्नास हजारांच्या थोडे वर शब्द. मिनिटाला दीडशे शब्द असा सावकाश हिशेब धरला तरी सगळं मिळून सहा तासांच्या आसपास, म्हणजे एक प्रकरण वीस ते पंचवीस मिनिटांत होतं. शिवाय प्रत्येक प्रकरण आकडे घालून छोट्या तुकड्यांत विभागलेलं आहे. काही तुकडे तर पान-दीड पानाचे. थांबायला जागा सारख्या मिळतात, आणि म्हणूनच “एवढा एक तुकडा वाचून ठेवू” असं होत राहतं.

पहिलं प्रकरण म्हणजे आठ तुकडे आणि आठ माणसं. निवृत्त न्यायाधीश, नोकरीसाठी निघालेली तरुण शिक्षिका, पैशांची निकड असलेला एक माजी सैनिक, कडक धार्मिक प्रौढ बाई, म्हातारे जनरल, लंडनचे डॉक्टर, सुसाट गाडी चालवणारा श्रीमंत तरुण, आणि पॅसेंजर गाडीतून येणारा ब्लोअर नावाचा माणूस. सगळे डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या एका बेटाकडे निघालेत. तुमचा मित्र गळालाच तर इथे गळेल.

पण तोड पुस्तकातच आहे. आठव्या तुकड्यात हा ब्लोअर वहीत बाकीच्या सगळ्यांची नावं लिहून काढतो, बेटावर आधीच असलेल्या नोकर नवरा-बायकोसकट. तो स्वतः दहावा. म्हणजे लेखिकेने प्रकरण संपता संपता वाचकाला यादी करून दिली आहे. त्या पानाला खूण घालून पुस्तक द्या. एवढं सांगा की पहिली सात माणसं लक्षात ठेवायचा खटाटोप करू नकोस, वाचत जा, यादी पुढे मिळते.

---

रानपाखरू

खुणेसाठी मी एक सुचवीन. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर दहा नावं आणि प्रत्येकापुढे फक्त व्यवसाय लिहा. वॉरग्रेव्ह : न्यायाधीश. व्हेरा : शिक्षिका. आर्मस्ट्राँग : डॉक्टर. बस. स्वभाव लिहायचा नाही, ‘संशयास्पद’ वगैरे तर अजिबात नाही. आणि क्रम पहिल्या प्रकरणात येतात तोच ठेवा. इंटरनेटवरच्या तयार याद्या छापून देऊ नका. त्यात बहुतेक वेळा नावापुढे त्याचं पुढे काय होतं तेही दिलेलं असतं.

---

पानोपानी

कार्डाला दुजोरा. व्यवसायांवर कुणाला पटकन ओळखता येतं, कारण ख्रिस्तीने माणसंच तशी निवडली आहेत : दहा जणांच्या बोलण्याची तऱ्हा वेगळी, वर्ग वेगळा, वय वेगळं.

आता वेगाबद्दल. दुसऱ्या प्रकरणात सगळे स्टेशनवर भेटतात, होडीने बेटावर पोचतात आणि यजमानच आलेले नाहीत असं कळतं. तिसऱ्यात ती तबकडी. म्हणजे नायक गावाला पोचायची वाट बघावी लागत नाही. पहिल्या तासाभरात सगळे पोचलेले असतात आणि परतीची होडी आपल्या हातात नाही हेही त्यांच्या लक्षात यायला लागलेलं असतं. चौथ्याच्या शेवटी पुस्तक पकड घेतं. मित्राला कबूल करून घ्यायचंच असेल तर “चार प्रकरणं वाच, मग हवं तर सोड” एवढंच मागा. सावकाश वाचलं तरी तो दीड-पावणेदोन तासांचा मामला आहे.

पुढे वेग टिकतो तो एका खास कारणाने. या पुस्तकात गुप्तहेर नाही. पॉयरो नाही, मिस मार्पल नाही. नेहमीच्या रहस्यकथेत मधली शंभर पानं जबान्या घेण्यात जातात : एकेकाला खोलीत बोलवायचं, कुठे होतास, काय पाहिलंस. संथ पुस्तकं न आवडणारे त्याच भागात गळतात. इथे चौकशी करणारे तेच आणि संशयितही तेच. त्यामुळे प्रत्येक प्रश्नोत्तरात विचारणाऱ्यालाही धोका आहे आणि उत्तर देणाऱ्यालाही. संवाद सुरू असतानाच परिस्थिती बदलत असते.

---

कट्टाकर

हे पटलं. मी पानांवरच अडून बसलो होतो.

पण ‘गुमनाम’ पाहिलेल्याला यात काय उरणार? सगळी कथा तीच ना? “हम काले हैं तो क्या हुआ” लागलं की बेट, बंगला आणि मेहमूद आठवतो.

---

पानोपानी

मांडणी तिथून घेतली आहे : अनोळखी माणसं, एकाकी जागा, निर्जन बंगला आणि एक खानसामा. १९६५चा राजा नवाथे यांचा सिनेमा तिथून आपल्या वाटेने जातो. गाणी आहेत, विनोद आहे, प्रेमकथा आहे. ‘गुमनाम’ पाहून कादंबरीचं उत्तर सापडत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी पुस्तक टाळायचं कारण नाही.

खरी काळजी इतर रूपांतरांची घ्यावी लागते. १९४३मध्ये ख्रिस्तीने स्वतः या कादंबरीचं नाटक केलं आणि त्यात शेवट बदलला. १९४५चा सिनेमा नाटकाच्या बाजूने गेला. २०१५ची बीबीसीची तीन भागांची मालिका मात्र कादंबरीच्या शेवटाशी राहते. म्हणून मित्राने “आधी सिनेमा बघतो, आवडला तर पुस्तक” असं म्हटलं तर अडवा. सिनेमा बघितला तर चुकीचा शेवट डोक्यात बसेल, आणि मालिका बघितली तर बरोबरचा. दोन्हीकडून पुस्तकाचंच नुकसान.

---

शब्दवेडी

हे फार उपयोगी पडलं. आता माझ्या निरोपात काय चुकतंय ते सांगा ना. मला तर त्यात काहीच फोडलंय असं वाटत नाही.

---

रानपाखरू

“शेवटी धक्का बसतो” हे काढा. असं सांगितलेला माणूस गोष्ट वाचत नाही, धक्का शोधत बसतो. प्रत्येक साध्या वाक्याकडे संशयाने बघतो आणि मुद्दाम विचित्र तर्क लढवतो. शेवट आल्यावर म्हणतो, “मला वाटलंच होतं.” तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत, पण उत्तर कुठल्या जातीचं आहे ते सांगितलंत.

---

पानोपानी

बरोबर. वाक्यं एकेक करून बघू.

“दहा अनोळखी माणसं एका बेटावर अडकतात” हे चालेल. हे पहिल्या तीन प्रकरणांतलं आहे.

“एकेक करून मरायला लागतात.” शीर्षकातच त्याची चाहूल आहे, त्यामुळे मोठा गुन्हा नाही. तरी काढावं असं मला वाटतं. पहिली घटना अनपेक्षित असण्यातच चौथ्या प्रकरणाची ताकद आहे, आणि तुमच्या मित्राला तुम्ही चौथ्या प्रकरणापर्यंतच बांधून घेणार आहात. त्याला मिळणारं पहिलं बक्षीस आधीच खर्चू नका.

“कुणावरही विश्वास ठेवू नकोस” हे सर्वांत घातक. ख्रिस्ती प्रत्येकाच्या मनात थोडं थोडं डोकावू देते, आणि एखाद्या पात्राच्या जवळ जाणं हा वाचण्याचाच भाग आहे. आधीच बजावलं तर वाचक दहाही जणांपासून सारख्याच अंतरावर राहतो आणि मग त्याला पात्रं पातळ वाटतात.

त्या ऐवजी पुस्तक कसं आहे ते सांगा, काय होतं ते नको. असं काहीतरी :

“तुला रेंगाळणारं आवडत नाही म्हणून हे देतेय. सोळा छोटी प्रकरणं आहेत, एकेक वीस-पंचवीस मिनिटांचं. दहा अनोळखी माणसांना एका बेटावरच्या बंगल्यात बोलावलंय आणि बोलावणाराच आलेला नाही. पहिल्या प्रकरणात नावं जास्त आहेत, कार्ड आत ठेवलंय. चौथं प्रकरण संपेपर्यंत वाच. नाही आवडलं तर परत दे. मागचं कव्हर आणि शेवटची पानं बघू नकोस, इंटरनेटवर शोधू नकोस.”

शेवटचं वाक्य वगळू नका. मागच्या कव्हरवर तबकडीत काय आहे ते बरेचदा दिलेलं असतं. कागदी प्रत असेल तर मागे चक्क कागदाचं वेष्टन घाला.

---

मुक्कामपोस्ट

मी रोज दोन तास लोकलमध्ये असते, त्यामुळे पुस्तकं ऐकतेच. हे ऐकायला कसं आहे? माझ्यासारख्यांना पण चालेल का?

---

पानोपानी

मुक्कामपोस्ट, चालेल. सगळं वाचन सुमारे सहा तासांचं, म्हणजे तुमच्या तीन दिवसांच्या प्रवासात संपतं. दोन गोष्टी सांभाळा. पहिल्या प्रकरणातले तुकडे कानाला लवकर कळत नाहीत. वाचणारा क्षणभर थांबतो आणि आपण दुसऱ्याच माणसाच्या डोक्यात असतो. ते प्रकरण गर्दीत ऐकू नका, घरी बसून ऐका. दुसरं, दुसऱ्या प्रकरणात भिंतीवर चौकटीत लावलेलं एक बडबडगीत येतं. कागदी पुस्तकात वाचक त्या पानाकडे पुन्हा पुन्हा जातो. ऐकताना तसं जाता येत नाही, तेव्हा कुणाकडून तेवढ्या पानाचा फोटो घेऊन ठेवा. ते गीत इंटरनेटवर शोधू मात्र नका. त्याची निरनिराळी रूपं आहेत, आणि शोधलं की गीताबरोबर कथानकही समोर येतं.

---

कट्टाकर

मराठी भाषांतर दिलं तर? मित्राला मराठीत आणखी पटकन वाचता येईल.

---

पानोपानी

द्या, पण दुकानात उभं राहून आधी तेच बडबडगीत वाचून बघा. दहा कडवी आहेत, प्रत्येकात एकेक कृती आहे, आणि पुढचं पुस्तक त्या शब्दांचा आधार घेत जातं. भाषांतरकाराने यमक जुळवण्यासाठी कृती बदलली असेल, कडवी गाळली असतील किंवा गीताचा नुसता सारांश दिला असेल, तर पुढे सांधे जुळणार नाहीत आणि वाचकाला कारण कळणार नाही. दहाच्या दहा कडवी शाबूत असतील आणि संवाद मोठ्याने वाचल्यावर माणसं बोलल्यासारखे वाटत असतील तर भाषांतर बिनधास्त घ्या. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्या टाळा. मूळ पुस्तकातच अनावश्यक फार कमी आहे; त्यातून कापलं की बारीक खुणाच जातात.

जुन्या प्रतीच्या बाबतीत आणखी एक. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत हीच कादंबरी ‘टेन लिटल इंडियन्स’ नावानेही मिळते. मूळ ब्रिटिश शीर्षकात काळ्या लोकांसाठीची एक शिवी होती आणि ब्रिटनमध्ये ते शीर्षक १९८०च्या दशकापर्यंत चाललं. अमेरिकेत १९४० साली आजचं नाव आलं. बेटाचं नावही त्याप्रमाणे बदलतं. आजच्या प्रतींत ते ‘सोल्जर आयलंड’ आहे. म्हणजे वेगळं शीर्षक बघून दुसरी कादंबरी समजून घेऊ नका. भेट द्यायला नवी प्रत बरी.

---

रानपाखरू

भाषेचा विषय निघालाच आहे तर मित्राला हेही कळू द्या : पहिल्याच प्रकरणात एका ज्यू मध्यस्थाबद्दल एक पात्र ज्या सुरात विचार करतं, त्यात त्या काळच्या इंग्लंडचा पूर्वग्रह उघड दिसतो. काही आवृत्त्यांत असे शब्द सौम्य केलेले आहेत, सगळ्यांत नाही.

आणि पुस्तकाबद्दल माझं मत वेगळं आहे, तेही नोंदवते. वेग आहे, पण तो माणसांच्या खोलीची किंमत देऊन आलेला आहे. जनरल आणि ती शिक्षिका सोडली तर बाकीच्यांना फारसा आतला भाग नाही. शिवाय सोळाव्या प्रकरणानंतरची पानं मला ओझ्यासारखी वाटतात. गोष्ट धावत येते आणि मग बसून बोलायला लागते. संथ नको म्हणणाऱ्याला नेमकं तिथेच खटकेल.

---

पानोपानी

पात्रांबद्दल थोडं मान्य. न्यायाधीश आणि ती धार्मिक बाई मला तुमच्यापेक्षा भरीव वाटतात, पण ते इथे सोदाहरण सांगता येणार नाही.

शेवटच्या पानांबद्दल मात्र नाही. त्यातला पहिला छोटा भाग कोरडा आहे हे खरं, नोंदी तपासल्यासारखा. पण त्याचं काम आहे : वाचकाने मनात जे सोपे तर्क करून ठेवलेले असतात ते एकेक करून बंद करणं. तो भाग उडवून पुढे गेलं की शेवट अर्धाच कळतो. मित्राने सोळावं प्रकरण संपवल्यावर तुम्हाला “संपलं, पण कळलं नाही” असा निरोप पाठवला तर त्याने तिथेच पुस्तक मिटलंय असं समजा. “अजून पानं आहेत, वाच” एवढंच उत्तर द्या.

---

रानपाखरू

वाचकाला आधीच्या सोळा प्रकरणांतून स्वतः उत्तर काढता येतं का, हाही प्रश्न आहे. मला वाटतं, नाही. खुणा आहेत, पण त्या मागाहून कळण्यासारख्या.

---

पानोपानी

मला वाटतं निदान एक खूण अगदी उघड्यावर ठेवलेली आहे. पण ती कुठल्या प्रकरणात आहे हे सांगितलं तरी धाग्याचा नियम मोडेल. तुम्ही दुसऱ्यांदा वाचलंत तर व्यनिमध्ये बोलू.

---

शब्दवेडी

नवी कागदी प्रत मागवली आहे, कार्ड तयार केलंय, निरोप पानोपानींचाच घेतला. मित्र विचारतोय की किंडलवर घेतलं तर चालेल का, कारण तो रात्री दिवा लावून वाचू शकत नाही.

---

पानोपानी

चालेल. फक्त पुस्तक उघडल्यावर अनुक्रमणिका बघू देऊ नका. शेवटच्या भागाचं शीर्षक तिथे दिसू शकतं. शक्य असेल तर तुम्हीच पहिलं प्रकरण उघडून द्या. ‘लोकांनी अधोरेखित केलेल्या ओळी’ दाखवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती बंद करा, कारण एखाद्या निरुपद्रवी वाक्याखाली शेकडो वाचकांची रेघ दिसली की ते वाक्य निरुपद्रवी राहत नाही. कार्ड कागदाचंच ठेवा. किंडलवर मागे जाऊन यादी शोधणं त्रासाचं होतं आणि पानं उलटताना चुकून पुढे जाण्याची भीती असते.

---

मुक्कामपोस्ट

पहिलं प्रकरण घरी ऐकलं. नावांच्या यादीपाशी थांबून ती लिहून घेतली. आठ जणांत जनरल कोणते आणि न्यायाधीश कोणते हे अजून आवाजावरून गोंधळतं. कुणी काही उपाय सांगेल का?

---

रानपाखरू

न्यायाधीश आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले, सगळ्यांत आधी येतात. जनरल नंतर, एक्सेटरला गाडी बदलायची म्हणून वैतागलेले. यादीत नावापुढे ‘वर्तमानपत्र’ आणि ‘एक्सेटर’ एवढंच लिहून ठेवा.